देवनारची आग वरून पाणी मारून का विझली नाही?

जानेवारी २०१६ च्या शेवटी मुंबईच्या देवनार डम्पिंग ग्राउंडला आग लागली. धूर इतका होता की उपग्रहाच्या फोटोतही तो दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. बंबांनी कित्येक दिवस पाणी मारलं, तरी मार्चमध्ये तिथे पुन्हा आग भडकली. असं का होतं?

रात्री चुलीतली गोवरी राखेखाली झाकून ठेवली तर सकाळी फुंकर मारताच ती पेटते. देवनारमध्ये १९२७ पासून कचरा पडतोय, त्यामुळे तिथे ही 'राख' अनेक मजल्यांइतकी उंच. खाली ज्वाळा नसते, कापड, लाकूड, प्लास्टिक नुसतं धुमसत असतं. ज्वाळेपेक्षा धुमसण्याला ऑक्सिजन खूप कमी लागतो. शिवाय वरचा कचरा गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. पाणी मारलं की ते सोप्या वाटेने ओघळून जातं, आणि प्लास्टिकच्या थरांखालचा निखारा कोरडाच राहतो.

आता मिथेन. ओला कचरा हवेशिवाय कुजला की जो गॅस बनतो, त्यात साधारण निम्मा मिथेन असतो. ढिगाच्या पोटात तो पेटत नाही, कारण हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेट घेतो. हे प्रमाण जुळतं भेगांपाशी. गरम गॅस भेगेतून वर जातो आणि उतारावरून ताजी हवा आत ओढली जाते, म्हणजे ढिगाची चिमणीच होते. म्हणून ज्वाळा आज इथे, उद्या पन्नास फुटांवर.

पण पहिली ठिणगी कुठून येते? देवनारच्या वेळी धातू काढण्यासाठी कचरा जाळणाऱ्यांवर संशय होता, बॅटरीवर नाही. भंगारच्या दुकानात मात्र बॅटरी खरंच घातक, मग ते नंदुरबारचं असो की धारावीचं. मोबाईल ० टक्क्याला बंद पडला तरी सेलमध्ये साधारण ३ व्होल्ट उरतात. आतले दोन थर केसापेक्षा पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. हातोडी बसली किंवा जेसीबीखाली चेंगरला की पडदा फाटतो, शॉर्ट होतो, आतलं ज्वलनशील द्रव पेटतं. कधी लगेच, कधी काही तासांनी, दुकान बंद झाल्यावर!

म्हणून फुगलेली बॅटरी टोचू नका आणि कचऱ्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-वेस्ट घेणाऱ्याकडे वेगळी द्या.

आणि ढीग पेटलाच तर? पोकलेनने उकरायचा, पातळ पसरायचा, मग भिजवायचा, वर माती टाकायची. उकरताना आत हवा जाऊन भडका उडतो, त्यामुळे थोडा थोडाच भाग घेतात. धूर थांबला म्हणजे विझली असं नाही. जमीन खचत असेल, भेगांतून वाफ येत असेल, तर खाली निखारा आहेच.