फुगलेल्या वर्तुळांचा हिशेब

जानेवारी २०११ मध्ये बराक ओबामा यांचे वार्षिक भाषण व्हाइट हाउसने इंटरनेटवर दाखवले, तेव्हा शेजारी आलेखही झळकत होते. त्यांतल्या एकात काही देशांची अर्थव्यवस्था वर्तुळांनी मांडली होती. त्या काळचे ढोबळ आकडे असे: अमेरिका १४.६ लाख कोटी डॉलर, चीन ५.७, जर्मनी ३.३. म्हणजे अमेरिका चीनच्या अडीचपट. पण चित्रातले अमेरिकेचे वर्तुळ चीनच्या वर्तुळाच्या साडेसहापट जागा व्यापत होते.

कारण साधे. आकडे त्रिज्येला लावले होते. त्रिज्या अडीचपट झाली की वर्तुळ आडवे अडीचपट वाढते आणि उभेही तितकेच. आठ इंची भाकरीला चार इंचीच्या दुप्पट पीठ पुरत नाही, चौपट लागते. जाडी तीच ठेवली तरी.

बरोबर काढायचे तर आधी आकड्याचे वर्गमूळ घ्यावे लागते. अमेरिकेची त्रिज्या ४ सेंमी धरली, तर चीनची अडीच सेंमी आणि जर्मनीची १.९ भरते. चुकीच्या रीतीने जर्मनीला जेमतेम ०.९ सेंमी मिळतात, आणि साडेचारपटीचा फरक जवळजवळ वीसपटीचा दिसतो. लबाडीच हवी असे नाही. एक्सेलमध्येही बबल चार्टचा आकार क्षेत्रफळाने ठरवायचा की रुंदीने, असा पर्याय असतो. तिथे रुंदी निवडली की झाले.

छापील आलेख तपासायला फूटपट्टी पुरते. दोन वर्तुळांचे व्यास मोजून भागाकार करा. तो छापलेल्या आकड्यांच्या भागाकाराएवढाच आला, तर चित्र फुगवलेले आहे.

मात्र क्षेत्रफळ अचूक ठेवले तरी डोळा चुकतोच, आणि तोही उलट दिशेने. मोठी वर्तुळे आपल्याला आहेत त्यापेक्षा लहान वाटतात. नकाशातज्ज्ञ जेम्स फ्लॅनरी यांनी वाचकांकडून असे अंदाज करवून घेतले. त्यांच्या सूत्राने दहापट क्षेत्रफळ सरासरी वाचकाला साधारण साडेसातपट भासते. म्हणून त्यांनी मोठी वर्तुळे थोडी आणखी वाढवायची दुरुस्ती सुचवली आणि काही नकाशा-सॉफ्टवेअरांत ती आजही मिळते. मला ती पटत नाही. माणसागणिक अंदाज बदलतो, शिवाय शेजारी मोठे वर्तुळ असले की मधले आणखी लहान वाटते. सरासरी डोळ्यासाठी केलेली दुरुस्ती नीट पाहणाऱ्याला मात्र फसवते. त्यापेक्षा कोपऱ्यात मापाची दोन-तीन वर्तुळे आकड्यांसह द्यावीत.

आणि देश चारच असतील, तर वर्तुळे हवीत कशाला? एका रेषेवर उभ्या केलेल्या चार पट्ट्यांची उंची डोळा कितीतरी अचूक तोलतो. वर्तुळांचा खरा उपयोग नकाशावर, किंवा आडव्या-उभ्या अक्षांवर दोन गोष्टी आधीच मांडलेल्या असताना तिसरी दाखवायची असेल तेव्हा.