फोटोतलं प्रवाळ ओळखायचं कसं?

हॅवलॉकला स्कुबा करून आलेल्यांच्या फोटोंत खडकावर डोलणाऱ्या मऊ भुजांचा झुबका हमखास असतो आणि खाली लिहिलेलं असतं ‘सॉफ्ट कोरल’. तो झुबका पुष्कळदा समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोनी असतो. भुजांमध्ये क्लाउनफिश शिरलेला असेल तर शंकाच नको. निसर्गात हा मासा घर करतो ते ॲनिमोनीतच.

मासा नसेल तर फोटो मोठा करून एकेक भुजा पाहावी. सॉफ्ट कोरल ही असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत असते. प्रत्येक जीवाला नेमक्या आठ भुजा आणि भुजेच्या दोन्ही कडांना पिसासारखी झालर असते. समुद्रफूल मात्र एकच मोठा जीव: मध्ये एक तोंड, भोवती पुष्कळ भुजा, बहुधा गुळगुळीत. हार्ड कोरलच्या भुजाही साध्याच असतात, पण त्यांच्याखाली चुनखडीचा सांगाडा असतो. दिवसा बऱ्याच जाती भुजा आत ओढून घेतात, त्यामुळे फोटोत नुसता खळग्याखळग्यांचा दगड दिसतो.

इंडोनेशियातल्या फोटोंत दिसणारं हेलिओफंजिया मात्र भल्याभल्यांना चकवतं. फिकट टोकांच्या लांब भुजा दिवसाही पसरलेल्या, मध्ये एकच तोंड. कुणीही ॲनिमोनीच म्हणेल. पण ते हार्ड कोरल आहे. भुजा जिथे विरळ झाल्या असतील तिथे, विशेषतः कडेला, नीट पाहिलं की चुनखडीच्या चकतीवरच्या दातेरी उभ्या पट्ट्या दिसतात. पूर्ण वाढलेली ही चकती तळावर सुटी पडलेली असते. ॲनिमोनी मऊ बुडाने खडकाला धरून बसतं किंवा वाळूत रुतलेलं असतं.

डंख मारणाऱ्या पेशी या तिन्ही गटांत असतात. सॉफ्ट कोरलचा आणि बऱ्याच ॲनिमोनींचा डंख तळहाताच्या जाड कातडीला जाणवतही नाही. मनगटाच्या आतल्या नाजूक त्वचेचं तसं नाही. ॲक्टिनोडेन्ड्रॉन हे ॲनिमोनी सर्वांत फसवं, कारण त्याच्या भुजांना फांद्या फुटतात आणि ते हुबेहूब सॉफ्ट कोरलच्या झुडपासारखं दिसतं. त्याच्या डंखाने भाजल्यासारख्या वेदना होतात, जखम चिघळू शकते. वाळूतून वर आलेलं ‘झुडूप’ दिसलं, सगळ्या फांद्या एकाच तोंडाभोवती असल्या आणि आठ भुजांचे चिमुकले जीव कुठेच नसले, तर हात लांबच ठेवावा.

फायर कोरल या तिघांतलं नाहीच. दिसायला दगडी प्रवाळ, पण नातं हायड्राशी. मोहरीसारखा पिवळसर-तपकिरी रंग, पांढरी टोकं आणि गुळगुळीत पृष्ठभाग ही त्याची खूण. हार्ड कोरलसारखे खळगे त्यावर नसतात. टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं आणि जवळून घेतलेल्या फोटोत त्यांतून निघालेले केसासारखे तंतू दिसतात. खाजकुयली लागावी तशी आग होते. तिथे चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावं. गोड्या पाण्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते.