घरातलं विज्ञान : बॅटरी पाणी का पिते?

छोट्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर बहुधा दाराजवळच्या कोपऱ्यात असतो. ट्यूब्युलर बॅटरीवरचा लाल तरंगता दांडा खाली गेला, की डिस्टिल्ड वॉटर आणायचं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

हे पाणी जातं कुठे? चार्जिंग पूर्ण होत आलं की उरलेली वीज आतलं पाणी फोडून त्याचा वायू करते. पाणी आटलं की प्लेटा उघड्या पडतात. बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज राहिली तर प्लेटांवर शिशाच्या क्षाराचे कडक खडे धरतात आणि बॅकअप घटतो. नीट सांभाळली तर ती चार-सहा वर्षं चालते.

लिथियम बॅटरीत मात्र पाणीच नसतं. आयन स्पंजात शिरावेत तसे एका थरातून दुसऱ्यात जातात, म्हणून ती दहाएक वर्षं टिकू शकते. ट्यूब्युलरची क्षमता निम्मीच वापरणं बरं, लिथियमची ऐंशी टक्के. त्यामुळे १५० अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलरचं काम १०० ची लिथियम करते.

पण जुना इन्व्हर्टर लिथियमला जुळतो का, हे आधी पाहा. वीज क्वचितच जात असेल, तर मी ट्यूब्युलरच घेईन आणि वायू बाहेर जावा म्हणून खिडकीजवळ ठेवीन.