सिरिंज पंप : सतत औषधप्रवाहाची मांडणी व तपासणी

सिरिंज पंप हे सिरिंजमधील औषध ठरावीक वेगाने रुग्णाच्या शिरेत सोडणारे विद्युत उपकरण आहे. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि नवजात शिशू कक्षात त्याचा वापर होतो. तासाला काही मिलिलिटर इतक्या अल्प प्रमाणात, पण अखंड द्यावयाची औषधे या पंपाने दिली जातात. प्रवाह सुरू करण्यापूर्वी औषधाची संहती (एका मिलिलिटरमध्ये असलेले औषध), पंपाचा दर आणि नळीची जोडणी या तीन गोष्टी दोन व्यक्तींनी तपासण्याची पद्धत आहे. या लेखात ती पद्धत नॉरॲड्रेनालिन या रक्तदाब वाढविणाऱ्या औषधाच्या उदाहरणाने दिली आहे.

## कार्यतत्त्व

पंपातील मोटर एका स्क्रूच्या साहाय्याने सिरिंजचा दट्ट्या हळूहळू पुढे ढकलते. दट्ट्या किती सरकला आणि सिरिंजचा आतील व्यास किती, यांवरून बाहेर पडलेले आकारमान पंप काढतो. सिरिंजमध्ये कोणते औषध आहे, ते किती पातळ केले आहे आणि नळीचे दुसरे टोक कोठे जोडले आहे, हे पंपाला कळण्याचा मार्ग नाही. चुकीची माहिती भरली गेली तरी पंप ती तितक्याच अचूकपणे अमलात आणू शकतो आणि अनेकदा त्याचा कोणताही इशारा वाजत नाही.

## संहती

नॉरॲड्रेनालिनचा परिणाम औषध थांबताच एकदोन मिनिटांत ओसरू लागतो, म्हणून ते सतत द्यावे लागते. अनेक रुग्णालयांत ४ मिलिग्रॅम औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून एकूण ५० मिलिलिटर द्रावण करतात. ४ मिलिग्रॅम म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. म्हणून संहती प्रति मिलिलिटर ८० मायक्रोग्रॅम येते.

येथे दोन ठिकाणी चूक संभवते. पहिली आकारमानाची. औषध प्रति मिलिलिटर १ मिलिग्रॅम असेल, तर ४ मिलिलिटर औषधात ४६ मिलिलिटर डेक्स्ट्रोज घालावे लागते. पूर्ण ५० मिलिलिटर डेक्स्ट्रोज घेतल्यास द्रावण ५४ मिलिलिटर होऊन औषध पातळ होते. दुसरी चूक अधिक गंभीर असते. हे औषध बायटार्टरेट या क्षाराच्या रूपात मिळते आणि त्या क्षाराच्या २ मिलिग्रॅममध्ये मूळ नॉरॲड्रेनालिन सुमारे १ मिलिग्रॅम असते. ॲम्प्यूलवरील आकडा क्षाराचा आहे की मूळ औषधाचा, हे न वाचल्यास रुग्णाला निम्मी किंवा दुप्पट मात्रा जाते. त्यामुळे रिकामी ॲम्प्यूल तपासणी पूर्ण होईपर्यंत टाकून देत नाहीत.

सिरिंजवरील लेबलावर औषधाचे नाव, एकूण मात्रा, एकूण आकारमान, प्रति मिलिलिटर संहती, तयार केल्याची वेळ आणि तयार करणाऱ्याची सही लिहिली जाते.

## दर

रुग्णाचे वजन ६० किलोग्रॅम असून डॉक्टरांनी दर मिनिटाला प्रति किलोग्रॅम ०.१ मायक्रोग्रॅम मात्रा लिहिली आहे, असे मानू.

```
०.१ × ६० = ६ मायक्रोग्रॅम प्रति मिनिट
६ × ६० = ३६० मायक्रोग्रॅम प्रति तास
३६० ÷ ८० = ४.५ मिलिलिटर प्रति तास
```

पहिल्या ओळीतील ६० हे वजन आहे, तर दुसऱ्या ओळीतील ६० ही तासातील मिनिटे आहेत. यांपैकी एक गुणाकार विसरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

पंप सुरू केल्यावर पडद्यावर आधीच्या रुग्णाचा दर किंवा वजन उरलेले असू शकते. ते प्रथम पुसले जाते. मग सिरिंजचा आकार व उत्पादक निवडतात. ५० मिलिलिटरच्या सगळ्या सिरिंजचा व्यास सारखा नसतो. पंपाने २८ मिलिमीटर व्यास धरला आणि प्रत्यक्षात तो २९ मिलिमीटर असला, तर दर तासाला सुमारे ७ टक्के औषध जास्त जाते. त्यानंतर एकक पाहतात. `mL/h` आणि `mcg/kg/min` या दोन्ही पद्धतींत आकडा भरता येतो, म्हणून कोणती पद्धत चालू आहे याची खात्री आकड्याआधी करावी लागते.

दशांशचिन्ह सुटल्यास ४.५ ऐवजी ४५ भरले जाते. ही चूक ओळखण्याची सोपी रीत म्हणजे सिरिंज किती वेळ पुरेल ते काढणे. ताशी ४.५ मिलिलिटर दराने ५० मिलिलिटर सुमारे ११ तास पुरतात, तर ४५ दराने तासाभरातच संपतात.

## नळी

सिरिंज पंपात बसवल्यावर दट्ट्या आणि त्याला ढकलणारा भाग यांत थोडी फट राहते. ती भरून येईपर्यंत रुग्णाला औषध मिळत नाही. म्हणून नळी रुग्णाला जोडण्यापूर्वी पंपाच्या `PURGE` कळीने टोकाशी थेंब दिसेपर्यंत भरली जाते आणि हवेचे बुडबुडे काढले जातात. पंप शक्यतो रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर ठेवतात. तो उंचावर असून दट्ट्या नीट अडकलेला नसेल, तर औषध आपोआप खाली वाहू शकते.

यानंतर नळीवर हात ठेवून सिरिंजपासून रुग्णाच्या शरीरापर्यंत तिचा माग काढला जातो. शेजारी चारपाच पंप असताना केवळ नजरेने पाहणे पुरेसे ठरत नाही. नळीच्या दोन्ही टोकांना औषधाच्या नावाची चिठ्ठी लावतात. नॉरॲड्रेनालिन शिरेबाहेर झिरपल्यास ऊती मृत होऊ शकतात, म्हणून ते शक्यतो सेंट्रल लाइनच्या स्वतंत्र मार्गातून देतात. त्या मार्गातून दुसरे इंजेक्शन दिले जात नाही. जोडणीपासून शिरेपर्यंतच्या भागात १ मिलिलिटर द्रव मावत असेल, तर त्यातील ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे १३ मिनिटांची मात्रा, एकदम रक्तात ढकलली जाते.

## दुहेरी तपासणी

नॉरॲड्रेनालिनसारख्या शिरेतून द्यावयाच्या औषधांचा समावेश अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेने अतिदक्षतेने हाताळावयाच्या औषधांच्या यादीत केला आहे. अशा औषधांसाठी दुसरी तपासणी स्वतंत्र असणे अपेक्षित आहे. "४.५ बरोबर आहे ना?" असे विचारल्यास ऐकणाऱ्याचे मन त्या आकड्याशी बांधले जाते. म्हणून दुसरी परिचारिका डॉक्टरांचा मूळ लेखी आदेश वाचते, ॲम्प्यूल व लेबल पाहते आणि दर स्वतः काढते. दोघींची उत्तरे त्यानंतरच ताडून पाहिली जातात. मग ती पडद्यावरील दर वाचते आणि नळीचा माग पुन्हा काढते. फरक आढळल्यास पंप सुरू न करता दोघीही गणित नव्याने मांडतात. दोघींच्या सह्यांनंतर थ्री-वे उघडून `START` कळ दाबली जाते.

## प्रवाह सुरू झाल्यानंतर

जोडणीपुढील १ मिलिलिटर भागात साधे सलाइन असेल, तर औषध शिरेत पोहोचण्यास सुमारे १३ मिनिटे लागतात. या काळात रक्तदाब वाढत नाही म्हणून दर बराच वाढवल्यास पुढे औषध पोहोचताच रक्तदाब अकस्मात उसळतो.

नळीत अडथळा आल्यास पंप इशारा देतो. परंतु दर कमी असल्यास पुरेसा दाब साठण्यास वेळ लागतो व इशारा उशिरा वाजतो. अशा वेळी चिमटा तसाच उघडल्यास दाबाखाली साठलेले औषध एकदम रुग्णात जाते. म्हणून पंप थांबवून नळी रुग्णापासून सोडवली जाते आणि दाब उतरवल्यावर अडथळा दूर केला जातो. सिरिंज बदलतानाही प्रथम रुग्णाकडील थ्री-वे बंद करतात. नवी सिरिंज, बदललेली संहती आणि पाळीबदल या तिन्ही प्रसंगी संपूर्ण तपासणी पुन्हा केली जाते. तासाभराने सिरिंजवरील पातळी पाहिली असता वरील उदाहरणात साडेचार मिलिलिटर कमी झालेले दिसले पाहिजेत; तसे न दिसल्यास पडद्यावरील आकडा योग्य असला तरी जोडणी, सिरिंजची निवड व दट्ट्याची पकड पुन्हा पाहावी लागते.