शंभर व्हिडिओंचे गट पाडताना

शेतीवर व्हिडिओ करणारं एखादं मराठी यूट्यूब चॅनेल डोळ्यांसमोर आणा. शंभर व्हिडिओ झाले की आपल्याकडे नेमकं काय चालतं, हा प्रश्न येतोच आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा सर्वांत गाजलेल्या व्हिडिओकडे बोट दाखवून दिलं जातं. शेळीपालनाचा एक व्हिडिओ साडेचार लाख वेळा पाहिला गेला, तर पुढचे दहा शेळीपालनावरच करायचे असं ठरतं. या निर्णयात किती तथ्य आहे, हे विषयवार गट पाडून तपासता येतं.

काम शीर्षक आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे व्हिडिओतल्या बोलण्याची लिखित प्रत, यांपासून सुरू होतं. हा मजकूर एका भाषा-मॉडेलला दिला की ते प्रत्येक मजकुरासाठी आकड्यांची एक लांबलचक रांग तयार करतं. अर्थाने जवळच्या मजकुरांच्या रांगाही एकमेकींच्या जवळ येतात. त्यामुळे ‘ठिबकची नळी चोंदली’ आणि ‘ड्रिपमध्ये पाणी येत नाही’ ही वाक्यं एकही शब्द सारखा नसताना शेजारी बसू शकतात. मग के-मीन्ससारखी पद्धत या रांगांचे सांगाल तितके गट पाडते. शंभर व्हिडिओंना सहा ते दहा गट करून पाहावेत. त्याहून जास्त केले, तर एकेका गटात दोन-तीनच व्हिडिओ उरू लागतात.

इथे एक गफलत सहज होते. मराठीसह अनेक भाषांसाठी वापरलं जाणारं `paraphrase-multilingual-MiniLM-L12-v2` हे मॉडेल एका वेळी मजकुराचे १२८ तुकडेच वाचतं आणि उरलेलं न सांगता सोडून देतं. एका शब्दाचे बहुधा एकाहून जास्त तुकडे होत असल्याने मराठीत हे शंभराहून कमी शब्द भरतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओत मात्र हजाराहून जास्त शब्द असतात. म्हणजे मॉडेलने वाचलेलं असतं ते फक्त ‘राम राम शेतकरी मित्रांनो’ आणि पाठोपाठ येणारी खताची जाहिरात. हे ओळखायचं तर गटातले चार-पाच व्हिडिओ उघडून वाचावेत. त्यांत विषयाऐवजी नमस्कार किंवा प्रायोजक सारखा निघाला, तर गट चुकलेत. उपाय असा, की ठरावीक सुरुवात-शेवट आणि जाहिरात काढून टाकावी, उरलेल्याचे छोटे भाग करावेत, प्रत्येक भागाची रांग काढावी आणि त्यांची सरासरी त्या व्हिडिओची रांग म्हणून धरावी.

गट नीट पडले की मोजणी. तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओचे एकूण व्ह्यूज आणि गेल्या महिन्यातल्याचे शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. त्यामुळे प्रत्येकाचे प्रकाशनानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतलेच व्ह्यूज घ्यावेत. समजा, शेळीपालनाच्या गटात ९ व्हिडिओ आहेत आणि त्या काळात त्यातल्या एकाला ४,५०,००० व्ह्यूज मिळाले, बाकी आठांना मिळून १,०८,०००. गटाची सरासरी ६२,००० निघते. पण त्या आठांना सरासरी १३,५००च मिळालेत. दुसरीकडे ठिबक दुरुस्तीच्या १४ व्हिडिओंत सर्वांत कमी १५,००० आणि सर्वांत जास्त ३४,००० आहेत. सरासरीने शेळ्या जिंकतात. मात्र व्हिडिओ चढत्या क्रमाने लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक, घेतला तर ठिबक पुढे जाण्याची शक्यता मोठी. माझ्या मते एवढ्या छोट्या गटांत सरासरी वापरूच नये.

सर्वांत जास्त शिकवतं ते शीर्षकांचे आणि ट्रान्सक्रिप्टचे गट वेगवेगळे पाडून समोरासमोर ठेवणं. शीर्षक वाचून माणूस क्लिक करतो, बोलणं ऐकून थांबतो. म्हणून शीर्षकांच्या गटांना क्लिकचं प्रमाण लावून पाहावं आणि ट्रान्सक्रिप्टच्या गटांना व्हिडिओ सरासरी किती टक्के पाहिला गेला ते. शीर्षकानुसार ‘कांद्याचे भाव’ या गटात बसलेले काही व्हिडिओ बोलण्यानुसार कांदाचाळ आणि साठवणुकीच्या गटात जातात. त्यांवर क्लिक भरपूर आणि लोक पहिल्याच मिनिटात निघून जात असतील, तर साठवणूक हा विषय नावडता आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. भाव कळेल म्हणून आलेल्याला तो मिळाला नाही, एवढंच त्यातून कळतं. साठवणुकीच्याच नावाने आलेले व्हिडिओ शेवटापर्यंत पाहिले जात असतील, तर बदलायचं आहे ते शीर्षक.

तरीही हे आकडे कारण सांगत नाहीत. कांद्याचे व्हिडिओ भाव पडले किंवा चढले की येतात आणि त्या दिवसांत शेतकरी तसंही जास्त शोधत असतो. म्हणून त्यांची तुलना त्याच महिन्यात आलेल्या इतर गटांच्या व्हिडिओंशी करावी. आणि ज्या गटात पाचाहून कमी व्हिडिओ आहेत, त्याच्याबद्दल काही ठरवण्याआधी त्या विषयावर आणखी तीन-चार व्हिडिओ वेगवेगळ्या महिन्यांत करून पुन्हा मोजावं.