घाटकोपरहून परळ : रुग्णाला लोकलने न्यावे की बसने?

शिंदखेडा आणि आसपासच्या वस्त्यांतून मोठ्या आजाराचा रुग्ण मुंबईला न्यायचा म्हटले की परळचे के.ई.एम. किंवा टाटा रुग्णालय समोर येते. मुक्काम बहुधा नातेवाइकांकडे असतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरसारख्या वस्तीतून सकाळी ओ.पी.डी.ला पोहोचायचे, तर लोकल की बस हे आदल्या रात्रीच ठरवावे लागते. आम्ही ते रुग्णाची ताकद बघून ठरवायला सांगतो, भाडे बघून नाही. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट 5 रुपये आहे. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे 2025 पासून 10 रुपये झाले. हा फरक मोठा नाही.

सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर आपल्याला सवयीची असते. शिंदखेडा स्टेशनवर म्हाताऱ्या माणसाला हात धरून चढवेपर्यंत गाडी उभी असते. लोकल मात्र जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्या वेळात आधी उतरणारे उतरतात, मग चढणारे चढतात. म्हणून घरीच तीन गोष्टी बघाव्यात. रुग्ण पुलाचा जिना न थांबता चढतो का? अर्धा तास उभा राहू शकतो का? धक्का लागला तर दांडी धरून तोल सावरतो का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर लोकल बरी. एकाचेही ‘नाही’ असेल तर बस धरावी.

लोकलने जाताना ‘स्लो’ गाडी घ्यावी, कारण बहुतेक ‘फास्ट’ गाड्या परळला थांबत नाहीत. मध्ये विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा आणि दादर लागतात. एकूण प्रवास साधारण अर्ध्या तासाचा आहे. दादर येईपर्यंत दारापासून बाजूला, आतल्या अंगाला उभे राहावे. दादरला मोठा लोंढा उतरतो आणि दारात उभ्या रुग्णाला सोबत ओढून नेतो. तो लोंढा गेला की जागा होते, तेव्हा दाराकडे सरकावे. पुढचेच स्टेशन परळ आहे.

गरोदर बाई, अपंग व्यक्ती आणि कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते. रुग्णालयाची फाइल किंवा कार्ड हातात ठेवावे. हा डबा फलाटावर कुठे येतो, ते आधी विचारून तिथेच उभे राहावे. गाडी आल्यावर धावत जाणे रुग्णाला जमत नाही.

खरा धोका दारात आणि जिन्यावर असतो. 29 सप्टेंबर 2017 रोजी परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यांतल्या किमान चौघांचा जीव गेला. म्हणून भरलेली गाडी सोडून द्यावी. जिन्यावर दाटी दिसली तर फलाटावर बाजूला थांबून गर्दी ओसरू द्यावी.

बसला गर्दीच्या वेळी तास-सव्वा तास लागतो, कधी त्याहून जास्त. पण पुलाचा जिना टळतो आणि डेपोतून, म्हणजे बस सुटते तिथून चढले तर बसायला जागा मिळते. मधल्या थांब्यावरून भरल्या बसमध्ये चढले तर हा फायदा उरत नाही. मग तास-दीड तास उभे राहून रुग्ण लोकलपेक्षा जास्त थकतो. म्हणून डेपोपर्यंत रिक्षाने जाणे परवडते. लघवीची वारंवार घाई होणाऱ्यांनी निघण्याआधी जाऊन यावे. त्यासाठी पाणी पिणे मात्र बंद करू नये.

एक उदाहरण घेऊ. साठीतल्या बाई आहेत, मधुमेह आहे, गुडघे दुखतात आणि उपाशीपोटी रक्त द्यायचे आहे. जिना चढवत नाही, म्हणून त्यांना बस. आठला पोहोचायचे तर पहाटे साडेपाच-सहालाच डेपो गाठावा. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन रक्त देण्याआधी घ्यायचे की नंतर, हे डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारावे. उपाशीपोटी औषध घेऊन गर्दीत उभे राहिल्यास साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. तसे झाले तर लगेच खाली बसवून साखर किंवा गूळ द्यावा. तपासणी राहिली तरी चालेल. भाकर-भाजीचा डबा सोबत असू द्यावा आणि रक्त दिल्याबरोबर खायला द्यावे.

परतीचा निर्णय वेगळा असू शकतो. दुपारी लोकल बरीच मोकळी असते. त्या बाईंना जिना हळूहळू, थांबत चढवला तर घाटकोपरला बसून जाता येईल. मात्र काम लांबले आणि पाच वाजून गेले, तर गर्दी उलट्या दिशेने सुरू होते. तेव्हा परळलाच थोडे थांबावे, नाहीतर पुन्हा बस धरावी.