ओठाजवळचा तीळ राहू द्या

लग्नाचे फोटो रिटचिंगला देताना बहुतेक मुली एवढंच लिहितात, ‘नॅचरल ठेवा.’ या दोन शब्दांवर काम करणं अवघड जातं. एखादीला नॅचरल म्हणजे फक्त पुळी काढलेला चेहरा हवा असतो, तर दुसरीच्या मनात दोन छटा उजळलेला रंग असतो. म्हणूनच नाशिकच्या एका नवरीचा ईमेल मी आजही नव्या मुलांना वाचायला देतो.

‘नमस्कार दादा, अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंची लिंक सोबत आहे. हनुवटीवरची पुळी आदल्या दिवशी आली होती, ती काढून टाका. डोळ्यांखालचा काळेपणा थोडा कमी करा, पूर्ण नको. ओठाजवळचा तीळ आणि भुवईतला लहानपणचा व्रण राहू द्या. नाक, जबडा, दंड बारीक करू नका. रंग उजळू नका. मेकअप माझ्या रंगापेक्षा उजळ झालाय, चेहरा हातांशी जुळवता आला तर बघा. आधी दोन-तीन फोटो करून दाखवा.’

काय जायचं आणि काय राहायचं, हे तिने नावानिशी सांगितलं आहे. आमच्या कामात एक साधा निकष आहे: जे दोन आठवड्यांत आपोआप गेलं असतं ते काढावं, बाकीचं विचारल्याशिवाय काढू नये. पुळी हीलिंग ब्रशने मिनिटभरात जाते. तीळही तितक्याच सहज जातो, म्हणून तो लिहून वाचवावा लागतो. डोळ्यांखालच्या भागासाठी वेगळा लेअर घेऊन त्याची तीव्रता तीस-चाळीस टक्क्यांवर आणली की पुरते. काळेपणा पूर्ण पुसला तर पापणीखालची वळीही जाते, आणि हसणाऱ्या चेहऱ्यावरचे डोळे वरून चिकटवल्यासारखे दिसतात.

त्वचा नितळ करण्यासाठी बरेच जण फोटोचे दोन थर करतात. एका थरात छिद्रं, बारीक लव असा पोत असतो. दुसऱ्यात रंग आणि सावल्या. रंगाचा थर हलका पुसला की डाग विरतात आणि पोत टिकतो. पण हात जड पडला तर नाकाच्या बाजूची, गालाखालची सावलीही विरते आणि चेहरा सपाट होतो. छिद्रं दिसत असतात, त्यामुळे काय बिघडलं ते पटकन कळतही नाही. अशा वेळी फोटो मूळ फाइलशेजारी लहान करून पाहावा. दोन्हींत नाकाचा आकार सारखा वाटला नाही, तर सावली गेली आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र रंगात होतं. आपल्याकडची त्वचा सॉफ्टवेअरला मुख्यतः नारिंगी रंगात सापडते. नारिंगीचा उजळपणा वाढवला की चेहरा क्षणात गोरा होतो, पण मेंदीही त्याच रंगात असते. रात्रभर जपलेली मेंदी फिकी पडते, सोन्याच्या बांगड्या पितळेसारख्या दिसू लागतात. रंग परस्पर उजळला आहे का, हे पाहायचं असेल तर चेहऱ्याकडे नाही, तळहाताकडे बघावं. ग्रुप फोटोत सख्खी बहीण शेजारी उभी असली तर तिथेही हे उघड होतं.

हळदीच्या फोटोंत पिवळ्या साडीचा रंग हनुवटीखाली आणि गळ्यावर उमटतो. पिवळा तेवढ्याच जागी कमी करायचा असतो. सबंध फोटोत केला तर गालावरची हळदच नाहीशी होते.

चेहरा हातांशी जुळवण्याची विनंती दुर्मीळ, पण अगदी बरोबर होती. फाउंडेशन एक छटा उजळ असलं की फ्लॅशमध्ये चेहरा पांढुरका आणि मान, हात सावळे येतात. इथे फक्त चेहऱ्यावर मास्क लावून उजेड किंचित उतरवला, थोडी ऊब वाढवली आणि जबड्याखालची कडा मऊ केली. कपाळावर जिथे फ्लॅशने पांढरा ठिपकाच उमटला होता, तिथे कॅमेऱ्याने तपशीलच टिपलेला नव्हता. तिथे शेजारची त्वचा आणून भरावी लागली आणि ते तिला कळवलं.

नमुने बघताना तिने फोनवर समाधान मानलं नाही, त्यातल्या एकाची प्रिंटही काढून घेतली. हे सगळ्यांनी करावं. कागद स्क्रीनसारखा स्वतः उजळत नाही, त्यामुळे प्रिंट सहसा थोडी गडद येते. मग अल्बम हातात आल्यावर घरचे म्हणतात, ‘पोरगी सावळी आली, उजळवा.’ अशा वेळी प्रिंटसाठी सबंध फोटोचा उजेड वाढवायचा असतो, शालू, मंडप आणि माणसांसकट. एकट्या चेहऱ्याचा नाही.